बोगद्यातून कोणते पत्ते जातील?

व्हीपीएन सुरू केला म्हणजे सगळी वाहतूक त्यातून गेलीच पाहिजे असे नाही. वायरगार्डमध्ये त्याचा निर्णय एका ओळीत होतो:

```
AllowedIPs = 10.20.0.0/16
```

इथे `/16` म्हणजे पहिले 16 बिट जुळले पाहिजेत. त्यामुळे 10.20 ने सुरू होणारे पत्ते बोगद्यातून ऑफिसला जातात, व्हिडिओ आणि घरचा प्रिंटर नेहमीच्या वाटेने चालतात. `0.0.0.0/0` लिहिले, तर आयपीव्ही4 ची सगळी इंटरनेट वाहतूक ऑफिसमार्गे फिरते.

खरी अडचण येते ती ऑफिस आणि घर दोन्हीकडे `192.168.1.0/24` असेल तेव्हा. व्हीपीएन जोडलेला दिसतो, पण ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही. संगणक त्याला घरातच शोधत बसतो. एकच सर्व्हर हवा असेल, तर `192.168.1.50/32` लिहावे. अधिक नेमका मार्ग जिंकतो, म्हणून तेवढा पत्ता बोगद्यात शिरतो. मात्र घरात त्याच पत्त्याचे उपकरण असेल, तर ते दिसेनासे होते.

लिनक्सवर खात्री अशी करावी:

```
ip route get 192.168.1.50
```

उत्तरात `dev wg0` दिसले, तर वाट बरोबर आहे. ऑफिसचे जाळे नव्याने उभारत असाल, तर `192.168.1.0/24` टाळाच. अनेक घरगुती राउटर तोच पट्टा वापरतात.