सोसायटीकडे ईव्ही चार्जिंगची परवानगी मागताना: लोड, केबल आणि खर्चाचा हिशोब

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, आकडे एकदा पुन्हा तपासून घेतलेत.)

मागच्या भागात मी सहज म्हणालो होतो की गाडी बुक केली, पण चार्जिंगची परवानगी सोसायटीने नाकारली. त्यावर इतके मेसेज आले की आजचा सगळा भाग त्यावरच करतोय. परवानगी शेवटी मिळाली. पण पहिल्यांदा का नाही मिळाली आणि दुसऱ्यांदा का मिळाली, यातच सगळी गंमत आहे.

आमची सोसायटी पुण्यातली, ६४ फ्लॅट्स, खाली स्टिल्ट पार्किंग. माझा पहिला अर्ज तीन ओळींचा होता: "मी इलेक्ट्रिक गाडी घेत आहे, पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी द्यावी." कमिटीने दोन प्रश्न विचारले. एक, आग लागली तर? दोन, उद्या सगळ्यांनी मागितलं तर? माझ्याकडे दोन्हीला उत्तर नव्हतं. त्यातून आधीच एका मेंबरने वॉचमनच्या केबिनमधल्या सॉकेटवर स्कूटर चार्ज करताना प्लग वितळवून ठेवला होता. त्यामुळे सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, तू इंजिनिअर ना? मग कागदावर हिशोब दे, आम्ही बघतो." खरं सांगायचं तर मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरवाला. वायरमनच्या भाषेत अगदीच कच्चा. दोन आठवडे एका लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या मागे फिरून हे शिकलो.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट पाहिजे. सोसायटी आपल्याला वीज देत नाही. वीज वितरण कंपनी देते आणि बिल आपण भरतो. सोसायटीकडून आपल्याला हवी असते ती जागा: भिंत, केबल नेण्याचा मार्ग आणि मीटर रूममधला थोडा कोपरा. या सामाईक जागा आहेत. स्टिल्ट पार्किंगसुद्धा बिल्डर वेगळं विकू शकत नाही, ती सामाईक जागाच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली नहालचंद प्रकरणात सांगितलंय. म्हणून अर्ज "मला वीज द्या" असा करायचा नाही, "या मार्गाने केबल नेऊ द्या" असा करायचा. वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलीत तर लिफ्ट आणि पंपाच्या बिलात तुमची गाडी मिसळते आणि मग दर महिन्याला भांडण.

मग वीज कुठून? दोन रस्ते आहेत. एक, आपल्या फ्लॅटच्याच मीटरपासून मीटर रूममधून थेट पार्किंगपर्यंत केबल. दोन, गाडीसाठी वेगळं मीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, त्यानंतर चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. महाराष्ट्रात ईव्ही चार्जिंगसाठी दराचा वेगळा वर्गही आहे.

यातलं काय निवडायचं हे स्लॅबवर ठरतं. माझं घरचं वापर महिन्याला साधारण २२० युनिट, उन्हाळ्यात एसीमुळे ३८०. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालणार, म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून साधारण १५० युनिट. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. एरवीच्या महिन्यात २२० चे ३७० होतात, म्हणजे गाडीच्या १५० पैकी ७० युनिट महाग स्लॅबमध्ये जातात. उन्हाळ्यात ३८० चे ५३० होतात आणि ३० युनिट सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये. वेगळ्या मीटरवर हे होत नाही, पण त्याचा स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो, आणि आमच्या मीटर रूममध्ये नवीन मीटरला जागा काढणं म्हणजे पूर्ण बोर्ड हलवणं होतं. मी फ्लॅटचंच मीटर वापरायचं ठरवलं. तुमचं घर आधीच ४०० युनिटच्या पुढे असेल तर उलटा निर्णय बरोबर ठरेल.

आता लोड. चार्जर किती ताकदीचा मागायचा, इथे बहुतेक लोक चुकतात. डीलर ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स पुढे करतो, कारण तो झटपट चार्ज करतो. पण झटपट हवंय कुणाला? माझी गाडी रात्रभर उभीच असते. रोजचे ४० किलोमीटर म्हणजे जेमतेम ६ ते ७ युनिट. ३.३ किलोवॅटच्या साध्या पोर्टेबल चार्जरने ते दोन तासांत भरतात. बॅटरी अगदी रिकामी झाली तरी ३० युनिटची बॅटरी दहा तासांत भरते. ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे १४ अँपिअर ओढतो, ७.२ वाला सुमारे ३२. या फरकावरच कमिटीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

ते असं. मे महिन्यात रात्री दहा वाजता, म्हणजे सगळे एसी चालू असताना, कॉन्ट्रॅक्टरने बिल्डिंगच्या मेन पॅनलवर क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा करंट मोजला. आर फेजवर ९६, वाय वर १४२, बी वर ११० अँपिअर. मेन स्विच २५० चा. सतत चालणारा लोड ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे २००. माझा फ्लॅट नेमका वाय फेजवर, सगळ्यात भरलेल्या. तिथे शिल्लक ५८ अँपिअर. त्यात ३.३ चे चार चार्जर एकावेळी बसतात, पण ७.२ चा एकच. दुसरा लावला की मर्यादा ओलांडली. तीनही फेजची बेरीज करून "एवढं शिल्लक आहे" असं सांगणं म्हणूनच फसवं, प्रत्येक फेज वेगळी बघायला लागते.

आणि हे झालं दहा वाजताचं. रात्री एकला परत मोजलं तर वाय फेज ६० वर आली होती. म्हणजे १४० शिल्लक, नऊ गाड्या आरामात. अर्जात मी लिहिलं की माझं चार्जिंग रात्री बारानंतर सुरू होईल, गाडीतच टायमर आहे. उद्या सोसायटीत वीस गाड्या झाल्या तर? सगळ्या एकदम लागल्या तर ६६ किलोवॅट. पण प्रत्येकीची गरज रोज ७ युनिट धरली तर एकूण १४०, आणि ती रात्री बारा ते सकाळी सात अशा सात तासांत पसरवली तर सरासरी फक्त २० किलोवॅट. म्हणजे अडचण गाड्यांच्या संख्येची नाही, वेळेची आहे. हे वाक्य मीटिंगमध्ये चाललं, कारण पाठीमागे मोजलेले आकडे होते.

माझ्या फ्लॅटचा मंजूर भार ५ किलोवॅट होता. दोन एसी आणि गिझर मिळूनच तो संपतो, त्यात ३.३ टाकायचे म्हणजे भार वाढवून घेणं आलंच. तो अर्ज वीज कंपनीकडे वेगळा करायचा आणि त्याची प्रत सोसायटीला द्यायची. हे न करता केबल जोडली तर उन्हाळ्याच्या एखाद्या रात्री तुमचाच मेन ट्रिप होणार.

आता पहिला प्रश्न, आगीचा. स्कूटरचा प्लग का वितळला? साधं घरगुती सॉकेट इस्त्रीसाठी बनलेलं असतं, अर्धा तास चालतं आणि थंड होतं. त्यातून १४ अँपिअर रोज तासनतास गेले की सैल झालेल्या पकडीजवळ उष्णता साठते. ओळखायचं कसं? चार्जिंगनंतर प्लगला हात लावा. कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल तर ताबडतोब बंद. म्हणून मी निळं, झाकणवालं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट मागितलं. पाऊस स्टिल्टमध्ये शिरतो म्हणून ते जमिनीपासून सव्वा मीटर उंच.

केबलचंही तसंच. मीटर रूम ते माझी जागा ४५ मीटर. वायरमन आधी म्हणाला "अडीच एमएम चालेल की." हिशोब केला: जाऊन-येऊन ९० मीटर तांबं, १६ अँपिअरला जवळपास साडेअकरा व्होल्ट वाटेतच पडतात आणि १८० वॉटच्या आसपास नुसती केबल तापवण्यात जातात. सहा एमएमला तेच पावणेपाच व्होल्ट आणि ७६ वॉट. पैसे थोडे जास्त, पण भिंतीतली केबल पुन्हा कोण बदलणार? सुरुवातीला मीटरनंतर २० अँपिअरचा आरसीबीओ, गळती ३० मिलिअँपिअरला तोडणारा. यात ए टाइप मागा. स्वस्तातला एसी टाइप गाडीच्या चार्जरमधून येणारी काही प्रकारची गळती ओळखत नाही. आणि स्वतंत्र अर्थ पिट, कारण अर्थिंग बरोबर नसेल तर बरेच पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंगच सुरू करत नाहीत.

खर्च मला आलेल्या कोटेशनप्रमाणे: केबल १२,६००, पाइप आणि ट्रे ४,५००, आरसीबीओसकट छोटा बॉक्स ५,२००, सॉकेट १,८००, अर्थ पिट ६,०००, मजुरी ६,५००. एकूण ३६,६००. भारवाढीचे शुल्क वेगळे. चार्जर गाडीसोबत आला.

दुसऱ्या अर्जातला मुख्य भाग वाचून दाखवतो, हवा तर असाच वापरा:

"माझ्या पार्किंग जागेत ३.३ किलोवॅटचा एक चार्जिंग पॉइंट माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून बसवण्यासाठी सोबतच्या नकाशातील मार्गाने केबल नेण्यास परवानगी मिळावी. केबल जिन्यातून अथवा दुसऱ्या सभासदाच्या जागेवरून जाणार नाही. काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून होईल व इन्सुलेशन आणि अर्थिंगचा चाचणी अहवाल सोसायटीस देईन. सर्व खर्च व दुरुस्ती माझी राहील. चार्जिंग रात्री १२ ते सकाळी ७ या वेळेत करीन. जागा सोडताना सोसायटीने सांगितल्यास सर्व साहित्य काढून भिंत पूर्ववत करून देईन."

सोबत तीन कागद: केबलचा हाताने काढलेला नकाशा, फेजनिहाय मोजणी आणि कोटेशन. आणि हो, पोच घ्या. माझ्या पहिल्या अर्जाची पोचच नव्हती, त्यामुळे तो फाइलमध्ये आलाच नाही असं झालं.

कमिटीने दोन अटी घातल्या. वाय फेजवर ३.३ च्या वर कुणालाच परवानगी नाही, आणि चाचणी अहवाल दर वर्षी. दुसरी अट मला थोडी जाचक वाटली, पण घेतली. मे महिन्यात सेक्रेटरी काकांनीच मला परत बोलावलं: त्यांच्या जावयाला स्कूटर घ्यायचीये, आर फेजवर किती जागा आहे ते विचारत होते. तिथे १०४ अँपिअर शिल्लक आहेत, सात गाड्या.