बॉसचे आभार मानताना मस्का वाटू नये म्हणून काय लिहाल?

'सर, तुम्ही ग्रेट आहात' हा मेसेज कुठल्याही बॉसला पाठवता येतो, म्हणूनच तो मस्का वाटतो. कौतुक माणसाचं नको, त्याच्या एका निर्णयाचं करा.

समजा, तुमचं ऑफिस नागपूरच्या महालात आहे. मारबतीच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, म्हणून सरांनी सकाळची मीटिंग दुसऱ्या दिवशी घेतली. मग लिहा: 'सर, मीटिंग एक दिवस पुढे नेलीत, त्यामुळे मला आकडे पुन्हा तपासता आले आणि एक चूक वेळेत सापडली. थँक यू.'

यात निर्णय आहे, त्याचा परिणाम आहे, विशेषण एकही नाही. हा मेसेज ग्रुपवर न टाकता थेट सरांनाच पाठवा. त्यातच सुट्टी मागितलीत किंवा अप्रेझलच्या तोंडावर पाठवलात, तर मात्र तो मस्काच ठरेल.