‘आर्शिवाद’चा ‘आशीर्वाद’ होताना

वास्तुशांतीच्या निमंत्रणपत्रिकेवर घराच्या पाटीचा फोटो हवा, एवढीच काकूंची मागणी होती. पाटी सागवानाची, दीड फूट लांब, नुकतीच पॉलिश झालेली. फोटोही चांगला आला होता. पत्रिका छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं की पाटीवर ‘आर्शिवाद’ कोरलंय. ही चूक महाराष्ट्रात इतक्या दारांवर, रिक्षांवर आणि लग्नपत्रिकांवर आहे की ती दिसेनाशीच होते. एकदा दिसली की मात्र दुसरं काही दिसत नाही. पाटी नंतर बघू, आधी फोटोतला शब्द नीट करून द्या, म्हणून काकू माझ्याकडे आल्या. छापण्याआधी फोटो दुरुस्त करणं हाच माझा धंदा.

बहुतेकांना वाटतं, जुना शब्द पुसायचा, योग्य शब्द टाइप करायचा आणि त्याला फोटोशॉपमधला `Inner Shadow` लावायचा की झालं. तसं केलं तर शब्द लाकडात कोरलेला दिसत नाही. लाकडावर तपकिरी स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो. का, ते कळायला खाच म्हणजे काय ते आधी बघायला हवं.

ही पाटी मशीनवर टोकदार पात्याने कोरलेली होती. अशा पात्याने पडणारी खाच इंग्रजी व्हीच्या आकाराची असते, म्हणजे दोन उतार खाली एका रेषेत भेटतात. पातं काटकोनाचं असेल तर खोली रुंदीच्या निम्मी. या पाटीवर अक्षराची रेघ ९ मिलिमीटर रुंद होती, म्हणजे खोली साडेचार. फोटोत एका मिलिमीटरला साधारण ८ पिक्सेल येत होते, त्यामुळे पडद्यावर रेघ ७२ पिक्सेलची. उजेड डावीकडून वरून येत होता. ‘आ’चा काना मोठा करून मोजला, तर डावीकडचे ४६ पिक्सेल काळोखे आणि उजवीकडचे २६ उजळ. खाचेचा मध्य ३६वर. म्हणजे डावा उतार तर सावलीत आहेच, पण त्याच्या काठाची सावली तळ ओलांडून समोरच्या उतारावर आणखी १० पिक्सेल चढली आहे. खोली डोळ्याला कळते ती या दहा पिक्सेलांमुळे. सावली बरोबर मध्यावर थांबवली की खाच उथळ वाटते, आणि कडेला नुसती धूसर पट्टी दिली की तळ सपाट वाटतो. `Inner Shadow` नेमकी तशी पट्टी देतो. सपाट तळाच्या खाचेला तो चालतो, या खाचेला नाही.

सावली कुठल्या बाजूला आहे यावर तर सगळंच अवलंबून आहे. उजेड वरून येतो हे आपला मेंदू गृहीत धरतो. खाचेचा वरचा काठ अंधारा आणि खालचा उजळ असेल तर तो खड्डा समजतो, उलट असेल तर उंचवटा. कोरलेल्या अक्षरांचा कुठलाही फोटो मोबाइलवर उलटा करून बघा, अक्षरं फुगून वर आल्यासारखी दिसतील.

आता शब्दाकडे. ‘आर्शिवाद’ आणि ‘आशीर्वाद’ एकाखाली एक लिहून पाहिले तेव्हा मला जरा हायसं वाटलं. ‘आ’, ‘वा’ आणि ‘द’ यांना हात लावायची गरज नाही. ‘श’च्या आधीचा उभा दंड काढून त्याच्या नंतर द्यायचा, वेलांटी पहिलीची दुसरी करायची आणि रफार ‘श’वरून उचलून ‘वा’च्या कान्यावर ठेवायचा. शब्दाची एकूण लांबी तेवढीच राहते. त्याहून सोयीचं म्हणजे ‘श’ एक दंडभर डावीकडे सरकवला की त्याचा जुना दंड जिथे आहे तिथेच दुसऱ्या वेलांटीचा दंड हवा असतो. तो खरा, कोरलेला दंड तसाच ठेवता येतो. फॉन्टची गरजच उरली नाही, हेही बरं झालं. कारण फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसतात, आणि चुकीचा शब्द दुरुस्त करताना नवी चूक छापली जाते.

आणखी एक गोष्ट माझ्या बाजूने होती. पाटीचे रेषे आडवे होते आणि मला सगळं आडवंच सरकवायचं होतं. रेष्यांच्या दिशेने तुकडा सरकवला तर त्याच्या कडेच्या लाकडी रेघा नव्या जागच्या रेघांशी जवळजवळ जुळतात. तोच तुकडा दोन मिलिमीटर वर-खाली झाला तर रेघा तुटतात, आणि लाकडाची तुटलेली रेघ डोळ्याला लगेच खुपते.

सुरुवात पुसण्यापासून केली. ‘श’च्या आधीच्या दंडाचा जो भाग नव्या ‘श’खाली झाकला जाणार नव्हता, तिथे सपाट लाकूड भरायचं होतं. क्लोन स्टॅम्पने शेजारचं लाकूड उचलताना उंची तीच ठेवावी लागते, म्हणजे डावीकडची रेघ सरळ येऊन उजवीकडच्या रेघेला मिळते. एकाच ठिकाणचं लाकूड दोनदा वापरलं तर तोच ठिपका दोनदा दिसतो, म्हणून थोडं डावीकडून आणि थोडं उजवीकडून घेतलं. हीलिंग ब्रश इथे टाळला. सपाट जागेवर तो उत्तम, पण काळोख्या खाचेशेजारी फिरवला की खाचेचा काळेपणा ओढून आणतो आणि लाकडावर ओल आल्यासारखा डाग पडतो.

मग ‘श’ची गाठ सरकवली. नव्या दंडासाठी मोह झाला की शिरोरेषेचाच एक तुकडा कापून उभा करावा. ते चालत नाही. शिरोरेषा रेष्यांच्या दिशेने कोरलेली असते, त्यामुळे तिच्या उतारांवर लांब, गुळगुळीत रेघा दिसतात. उभा दंड रेषे आडवे कापत जातो. त्याच्या उतारावर रेष्यांची कापलेली तोंडं उघडी पडतात. बारीक छिद्रं दिसतात, आणि तिथे लाकूड पॉलिश जास्त पितं म्हणून रंग गडद होतो. एकाच पाटीवर, एकाच पात्याने कोरलेल्या आडव्या आणि उभ्या खाचा म्हणून वेगळ्या दिसतात. मी ‘आ’च्या कान्याची प्रत घेतली. त्यातही आजूबाजूच्या लाकडाच्या रेघा खाचेच्या उतारावर पाच-सहा पिक्सेल खाली वाकलेल्या होत्या. कारण लाकडाचे थर पृष्ठभागाला काटकोनात नसतात. आत शिराल तशी तीच रेघ थोडी बाजूला भेटते. नव्या जागच्या रेघा वेगळ्या होत्या, म्हणून त्या तशाच वाकवून उतारावर हलक्या हाताने पुन्हा काढाव्या लागल्या.

जिथे दंड शिरोरेषेला मिळतो तो सांधा सगळ्यात वेळखाऊ. शिरोरेषेचा खालचा उतार उजळ असतो. दंड जिथून खाली उतरतो तिथे तो उतार नसतोच, तिथे वाट उघडी असते. मला जुन्या दंडाच्या जागी ती वाट बुजवून उजळ उतार सलग करायचा होता आणि नव्या दंडाच्या जागी तो तोडायचा होता. घाईत केलेलं काम इथेच पकडता येतं. शिरोरेषेची उजळ कड दंडाच्या तोंडावरून बिनदिक्कत पुढे गेलेली असते, जणू दंड नंतर येऊन चिकटला.

वेलांटीला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. पहिली वेलांटी आरशात उलटवली की दुसरी होते, हे कागदावर जवळपास खरं आहे. फोटोत उलटवली की तिच्यातला उजेडही उलटतो. सगळी पाटी डावीकडून उजळलेली आणि एकटी वेलांटी उजवीकडून. म्हणून ती कमान नव्याने काढली. आणि कमानीत सावली एकसारखी नसते. उजेड डावीकडून वरून तिरपा येत होता. कमानीची डावी बाजू त्या उजेडाला आडवी जाते, म्हणून तिथे सावली सगळ्यात दाट. उजवी बाजू उजेडाच्या दिशेनेच उतरते, म्हणून तिथे दोन्ही उतार सारखेच उजळतात आणि सावली जवळजवळ विरते. मी पहिल्या प्रयत्नात कमानभर एकच जाडीची सावली दिली होती. कमान वाकवलेल्या नळीसारखी दिसायला लागली तेव्हा चूक कळली.

सावलीचा रंग काळा घेऊ नये. उजळ उतारावरचा तांबूस उजेड समोरच्या अंधाऱ्या उतारावर पडत असतो, त्यामुळे खाचेतला अंधार दाट कॉफीसारखा तपकिरी असतो. रंग पाटीवरच्या खऱ्या सावलीतून उचलायचा आणि लेअर मल्टिप्लायवर ठेवायचा, म्हणजे खालच्या रेघा सावलीतूनही दिसत राहतात. रफार सरकवणं त्यामानाने सोपं गेलं. तो आधीही दंडावर होता, आताही कान्यावर बसला. फक्त वेलांटीला चिकटलेलं त्याचं बूड हाताने भरावं लागलं.

शेवटी तपासणी. हाताने रंगवलेला भाग नेहमी जरा जास्तच स्वच्छ असतो. फोटोत असतो तसा बारीक कण त्यात नसतो. तेवढ्याच भागावर एक-दोन टक्के कण टाकला आणि कडा आजूबाजूच्या कडांइतक्या मऊ केल्या. मग कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवून पाहिला. साध्या डोळ्याला न दिसणारे ठिगळ त्यात उठून दिसतात. एक दिसलं, ते बुजवलं. सगळं मिळून साडेतीन तास गेले. कोणी याच युक्त्या वापरून दुसऱ्याच्या दारावर आपलं नाव चढवलं असेल, तर पकडायलाही हेच बघावं: दोनदा आलेला ठिपका, उलटा उजेड, बुजलेला सांधा.

पत्रिका छापून गेली. खऱ्या पाटीवर मात्र खाच सरकवता येत नाही. सुताराने पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळीचा पाच मिलिमीटर थर रंध्याने काढून टाकला, तेव्हा कुठे जुनं अक्षर संपलं, आणि मग नव्याने कोरून घेतलं. वास्तुशांतीला गेलो तेव्हा दारावरची पाटी आणि हातातली पत्रिका शेजारी धरून पाहिली. शब्द दोन्हीकडे बरोबर होता. लाकूड मात्र वेगळं होतं: ‘द’खालून जाणारी रेष्यांची कमान पाच मिलिमीटर आत गेल्यावर बोटभर उजवीकडे सरकली होती.