राहिलेला विषय आणि मुलाखतीची खुर्ची

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर ओळखलं जातं ते समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे. समजा, अशाच एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी परिसरातला एक बीएस्सी झालेला मुलगा अर्ज करतो आहे. बारावीनंतरचं एक वर्ष नीटच्या तयारीत गेलेलं, दुसऱ्या सत्रात भौतिक रसायनशास्त्राचा पेपर राहिलेला आणि शेवटी 58 टक्के.

मित्रांचा सल्ला ठरलेला: विषय निघाला ना, मग सांगायचंच कशाला? हा पहिला गैरसमज. गुणपत्रकावर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. सत्रनिहाय गुणपत्रकं मागितली की विषय कधी निघाला ते दिसतं. पण न विचारता सगळं सांगत सुटणं हे उलट टोकही चुकीचं. ‘सध्या किती विषय बाकी?’ आणि ‘आजवर किती विषय राहिले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विषय निघालेल्याने पहिल्याला ‘एकही नाही’ म्हणणं पूर्ण खरं. दुसऱ्याला तेच उत्तर दिलं तर ते खोटं, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत नोकरी जाऊ शकते ती अशा खोट्यामुळे.

वाया गेलेल्या वर्षाचंही तसंच. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने नवपदवीधरांच्या भरतीत एकूण दोन वर्षांपर्यंतचा खंड चालवून घेतलेला आहे. अट एवढीच, की तो अर्जात नोंदवावा. पण त्याच भरतीत 60 टक्क्यांची अटही असायची. तिथे 58 वाल्याचं स्पष्टीकरण कितीही प्रामाणिक असलं तरी अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून गुणांची अट आधी वाचावी आणि टक्के वरच्या आकड्यावर नेऊन लिहू नयेत.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती कारण सांगताना. घरची अडचण, कडक पेपर, न शिकवणारे सर अशी लांबण लागते, आणि ऐकणाऱ्याला खरी अडचणही सबब वाटू लागते. आजारपण खरं असेल तर एका वाक्यात सांगावं, कागद असेल तर दाखवावा. आपल्या या मुलाचं उत्तर असं असू शकतं: “सर, एक वर्ष नीटसाठी दिलं, निवड झाली नाही. भौतिक रसायनशास्त्रात गणितं समजून न घेता पाठ केली, म्हणून पेपर राहिला. पुढच्या परीक्षेत रोज गणितं सोडवून तो काढला. आता काही बाकी नाही.”

जेमतेम वीस सेकंद. त्यात काय झालं, का झालं, काय बदललं आणि आज स्थिती काय, हे सगळं आलं. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हा शब्दप्रयोग मात्र नाही. तो ऐकला की समोरचा हमखास खोदून विचारतो.

यानंतर मुख्य रसायनतज्ज्ञ बहुधा कामाचंच विचारतील: रसाचा ब्रिक्स 18 आणि पोल 15.3 असेल, तर शुद्धता किती? पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणायचं, उत्तर 85 टक्के. “रोज गणितं सोडवली” हे खरं की नुसतं बोलणं, ते इथे कळतं.