जुन्या टेपवर फोनमधली गाणी

जुन्या मोटारीत फोनवरची गाणी कशी वाजवायची, हे तिच्या डॅशबोर्डमध्ये कोणता टेप आहे त्यावर ठरते. टेपवर ‘ऑक्स’ लिहिलेले 3.5 मिलिमीटरचे भोक असेल तर फोनपासून तिथपर्यंत एक केबल पुरते. फोनला हेडफोनचे भोक नसेल, तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर त्या केबलला जोडायचा. 1990च्या दशकातल्या मारुती 800मध्ये मात्र बहुधा रेडिओ आणि कॅसेट एवढेच मिळते. तिथे एफएम ट्रान्समीटर कामाला येतो.

सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारे हे यंत्र फोनवरचे गाणे ब्लूटूथने घेते आणि काही फुटांपुरते स्वतःचे चिमुकले रेडिओ केंद्र चालवते. गाडीचा रेडिओ तेच केंद्र पकडतो. म्हणून रेडिओला एफएम असणे आवश्यक आहे. फक्त मीडियम वेव्ह पकडणाऱ्या रेडिओवर याचा उपयोग नाही.

खरे कौशल्य मोकळी जागा शोधण्यात आहे. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओचा काटा हळूहळू फिरवावा आणि जिथे नुसती खरखर ऐकू येते, शेजारच्या केंद्राचा मागमूसही नसतो, तो आकडा ट्रान्समीटरवर लावावा. पुण्यात किंवा मुंबईत 98.3वर रेडिओ मिर्ची असल्याने त्याच्या अगदी लगतचा आकडा निवडला तर मिर्चीची गाणी मध्ये घुसतात. लांबच्या प्रवासात मोकळी वाटलेली जागा पुढच्या शहरात भरलेली निघते, तेव्हा शोध पुन्हा करावा लागतो. बाहेरची अँटेना खाली सरकवली तर दूरची केंद्रे क्षीण होतात आणि जवळचा ट्रान्समीटर वरचढ ठरतो. आवाज फाटत असेल तर रेडिओ नव्हे, आधी फोनचा आवाज कमी करावा. ट्रान्समीटरला पेलवेल त्याहून जोरदार आवाज पोचत असतो.

एवढे करूनही ऑक्स केबलइतका स्वच्छ आवाज एफएमवर मिळत नाही, त्यामुळे ऑक्स असताना ट्रान्समीटर घेऊ नये. कॅसेटचा भाग चालू असेल तर केबल जोडलेली कॅसेटच्या आकाराची ॲडॉप्टर-पट्टीही बऱ्याचदा ट्रान्समीटरपेक्षा चांगली वाजते.

ऑक्सची स्वतःची एक खोड आहे. फोन किंवा रिसीव्हर गाडीच्याच चार्जरवर असला की गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. चार्जर आणि ऑक्स केबल अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडले जाते, आणि अल्टरनेटरचा गोंगाट त्या फेऱ्यातून आवाजात शिरतो. चार्जर उपसल्यावर शिट्टी थांबली तर कारण हेच. अशा वेळी ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवतात. त्यातले छोटे ट्रान्सफॉर्मर गाणे पुढे पाठवतात, पण तारेची सलग जोडणी तोडतात. स्वस्त आयसोलेटरने बास थोडा कमी होतो. ते नको असेल तर फोन आधीच पूर्ण चार्ज करून प्रवासात चार्जर काढून ठेवावा.