अर्ज केला, आता फोन कधी करायचा?

नोकरीच्या अर्जांची शीट बहुतेक जण करतात. पण तिच्यात कंपनी, पद आणि ‘अर्ज केला’ एवढंच लिहून थांबतात. ती झाली नुसती वही. खरं काम करणारे रकाने दोनच: शेवटचा संपर्क आणि पुढची तारीख. बाकी कंपनी, पद, जाहिरात कुठे पाहिली आणि कोणाशी बोलायचं, एवढं पुरे. जाहिरातीचा मजकूर मात्र जपून ठेवावा. मुलाखतीचा फोन येतो तोवर ती साइटवरून उतरलेली असते.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी सोमवारी, ४ ऑगस्ट २०२५ ला ईमेलने अर्ज केला. सात कामाचे दिवस थांबायचं ठरवलं. कारखान्यात शनिवारी काम असतं, म्हणून सुट्टी फक्त रविवारची धरायची. शेवटच्या संपर्काची तारीख F2 मध्ये असेल, तर पुढच्या तारखेच्या रकान्यात असं लिहायचं:

```
=WORKDAY.INTL(F2,7,11)
```

यातला 11 म्हणजे आठवड्याची सुट्टी फक्त रविवारी. उत्तर येतं १२ ऑगस्ट. तारखेऐवजी 45881 असा आकडा दिसला तर घाबरू नका, त्या रकान्याला तारखेचं फॉरमॅट द्या. खरा घोटाळा वेगळाच असतो. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर 4/8 चा अर्थ ८ एप्रिल होतो. 13/8 टाकून पाहा. ते डावीकडे चिकटून बसलं, तर शीटला ती तारीख कळलेलीच नाही. सेटिंगमध्ये देश भारत करा.

१२ तारखेला त्याच ईमेलखाली दोन ओळी लिहायच्या: पद कोणतं, अर्ज कधी केला, आणि निवड कुठवर आली. नवा ईमेल नको, जुना धागा शोधायला एचआरला वेळ नसतो.

त्यांनी २० ऑगस्टला मुलाखतीला बोलावलं आणि निघताना ‘आठवडाभरात कळवतो’ म्हणाले. आता सात दिवसांचा आपला हिशेब बाद. त्यांनी तारीख दिली की तीच धरायची आणि वर दोन कामाचे दिवस सोडायचे. आठवडा संपतो २७ ला, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी! म्हणून सूत्र पुसून हातानेच २९ ऑगस्ट लिहायचं. ओळखीतून अर्ज गेला असेल तर आधी त्या ओळखीच्या माणसाला विचारावं, परस्पर एचआरला फोन केला की त्याची पंचाईत होते.

दोनदा विचारूनही उत्तर नसेल, तर माझ्या मते तिसऱ्यांदा विचारू नये. पुढची तारीख रिकामी करून ‘बंद’ लिहावं, पण ओळ खोडू नये. तीच जागा पुन्हा निघाली तर आधी कोणाशी बोलणं झालं होतं ते तिथेच सापडतं.