एक मर्यादा, पाच एकके

अंबरनाथकडून उल्हासनगरमार्गे वाहणाऱ्या वालधुनीत किंवा बदलापूरच्या उल्हास नदीत कारखान्याचे सांडपाणी सोडावयाचे, तर पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांनुसार त्यात षट्संयुजी क्रोमियम प्रतिलिटर ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. पातळ पाण्याचा लिटर सुमारे एक किलो, म्हणजे दहा लक्ष मिलिग्रॅम भरतो. म्हणून हेच प्रमाण ०.१ पीपीएम, १०० पीपीबी किंवा ०.००००१ टक्का होय. मोलॅरिटी हवी असल्यास क्रोमियमच्या अणुभाराने, ५२ ने, भागावे. उत्तर लिटरमागे सुमारे १.९ मायक्रोमोल येते. मात्र तेच क्रोमियम क्रोमेट आयन म्हणून तोलले, तर ०.१ चे ०.२२ मिलिग्रॅम होतात. तेव्हा कशाचे वजन, हे अहवालात नमूद हवेच.

खरी मेख घनतेत आहे. मिठाने संपृक्त झालेल्या, लिटरला १.२ किलो भरणाऱ्या सांडपाण्यात ०.१२ मिलिग्रॅम क्रोमियम असेल, तर वजनी हिशेबाने ते बरोबर ०.१ पीपीएम ठरते आणि कागदोपत्री निर्दोष भासते. परंतु कायद्याची मर्यादा लिटरवर बेतलेली असल्याने तो नमुना नापासच होय.